संशयाचा फोन आणि विकत घेणाऱ्याचा वाटा

प्रश्न : माझ्या नवऱ्याने महिन्याभरापूर्वी बसस्थानकाजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून मुलीसाठी सेकंड हँड फोन आणला. नवा घेतला असता तर तो 19 हजारांचा होता, आम्हाला साडेसहा हजारांत मिळाला. वर्षभरच वापरलेला आहे असे दुकानदार म्हणाला, पण बॉक्स नाही, बिल नाही. घरी आणून सुरू केला तर तो आधीच्या कुणाचा तरी ईमेल आणि पासवर्ड मागू लागला. दुकानदाराने आणखी 500 रुपये घेऊन ते लॉक काढून दिले. तेव्हापासून मला वाटते की हा फोन चोरीचा असावा. नवरा म्हणतो, ‘चोरी आपण केलेली नाही, रोख पैसे मोजलेत, आणि एवढा विचार करायचा तर ऊसतोड कामगारांच्या हालांतून आलेली साखरसुद्धा खायला नको.’ मुलगी त्याच फोनवर कॉलेजचा अभ्यास करते. आमचा दोष किती, आणि आता काय करायचे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांतला दुसरा अधिक निकडीचा आहे, कारण तुमच्या दोषाचे माप महिन्याभरापूर्वीच्या खरेदीपेक्षा इथून पुढे तुम्ही काय करता यावर जास्त ठरणार आहे. असे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. कायद्याची रचनाही तशीच आहे आणि माझ्या मते नीतीची बाजूही तीच आहे.

आधी संशयाला कितपत आधार आहे ते पाहू, कारण तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टींचे वजन सारखे नाही. किंमत कमी असणे हा एकटा पुरावा होत नाही. चांगल्या स्थितीतला वर्षभर वापरलेला फोन साधारणपणे मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास विकला जातो, परंतु बॅटरी दमलेली असेल, स्क्रीन बदललेली असेल किंवा विकणाऱ्याला पैशांची तातडीची नड असेल तर तो तिसऱ्या हिश्शातही मिळू शकतो. बॉक्स आणि बिल नसणे ही गोष्ट थोडी अधिक बोलकी आहे, कारण फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दोन्हींवर छापलेला असतो आणि त्यावरून फोन कुणाचा हे जुळवता येते. तरीही अनेक घरांत बॉक्स रद्दीत जातो आणि बिल हरवते, हे आपण सगळेच जाणतो.

खरे वजन आहे ते लॉकला. अँड्रॉइड फोन मालकाने स्वतः विकायला काढला आणि सेटिंगमधून आपले खाते काढून फोन रिकामा केला, तर नव्या माणसाला जुना ईमेल विचारला जात नाही. तो विचारला जातो याचा अर्थ बहुधा असा की ज्याने फोन पुसला त्याने तो बाहेरून, बटणे दाबून पुसला. बहुतेक वेळा तसे करावे लागते ते स्क्रीनचा पिन ठाऊक नसल्यामुळे. हे लॉक मुळात चोरीला गेलेला फोन चोराच्या उपयोगी पडू नये म्हणूनच बसवलेले आहे. याचेही निर्दोष स्पष्टीकरण असू शकते : वयस्कर माणूस पासवर्ड विसरला, किंवा कुणी खाते न काढताच फोन पुसून विकला. पण तसे असते तर दुकानदाराने फोन विकणाऱ्याला बोलावून घेतले असते किंवा निदान फोन करून पासवर्ड विचारला असता. त्याने कुणालाही विचारले नाही, 500 रुपये घेतले आणि लॉक मोडले. तुमच्या संशयाला खरा आधार मिळतो तो इथे, आणि तुमच्या यजमानांना त्या क्षणी थांबायला हवे होते असे मला वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण ‘चोरी आपण केलेली नाही’ या वाक्याचे उत्तर त्यात आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 317 चोरीच्या मालाविषयी आहे. जुन्या दंड संहितेत हाच भाग कलम 410 ते 414 मध्ये होता आणि त्याचा गाभा बदललेला नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जो तो अप्रामाणिकपणे स्वीकारतो किंवा स्वतःजवळ ठेवून घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. साध्या चोरीची कमाल शिक्षाही एरवी तीन वर्षेच आहे. म्हणजे चोरणारा आणि जाणूनबुजून घेणारा यांना कायद्याने जवळपास एका पायरीवर ठेवले आहे. आणि चोरीच्या मालाचा सवयीने व्यापार करणाऱ्याला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, जी साध्या चोरापेक्षा कितीतरी जड आहे. यामागे दीर्घ अनुभव आहे. चोराला बहुधा फोन नको असतो, रोख रक्कम हवी असते. फोनचे रूपांतर रकमेत करून देणारे दुकान जोवर शाबूत आहे तोवर एक चोर पकडला गेला तरी त्याची जागा दुसरा घेतो, आणि ते दुकान चालते ते शेवटी पैसे मोजणाऱ्या ग्राहकावर.

या कलमातले दोन शब्दप्रयोग तुमच्या बाबतीत नीट वाचायला हवेत. पहिला आहे ‘मानण्यास कारण असणे’. पुरेसे कारण समोर असेल तरच ते कारण धरले जाते, अशी त्याची व्याख्या संहितेतच दिलेली आहे. नुसती शंका पुरत नाही, मनातली कुरकुर तर नाहीच नाही. पण दुसऱ्या बाजूने, ‘मला पक्के माहीत नव्हते’ एवढे म्हणूनही सुटका होत नाही, कारण समोरच्या गोष्टींवरून कोणत्याही समंजस माणसाला जे कळले असते ते तुम्हाला कळले नाही हे न्यायालय सहज मानत नाही. चोरीनंतर थोड्याच काळात माल ज्याच्याकडे सापडतो आणि जो तो कसा आला याचा समाधानकारक खुलासा देऊ शकत नाही, तो एकतर स्वतः चोर आहे किंवा त्याने माहीत असून माल घेतला आहे, असे गृहीत धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने न्यायालयाला पूर्वीपासून दिलेली आहे. म्हणून यजमानांनी काही पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद आणि दुकानदाराशी झालेले संदेश आत्ताच जपून ठेवा. रोख दिलेल्या रकमेची तारीख, वेळ, दुकानाचे नाव आणि सोबत कोण होते हे आजच कागदावर लिहून काढा.

दुसरा शब्दप्रयोग आहे ‘ठेवून घेणे’, आणि तुमच्यासाठी हाच अधिक महत्त्वाचा आहे. वस्तू हातात आली त्या क्षणी मन पूर्ण स्वच्छ असले, पण पुढे ती चोरीची असल्याचे कळले आणि तरीही ती लाभासाठी स्वतःजवळ ठेवली, तर गुन्हा त्या पुढच्या काळात घडतो. खरेदीच्या दिवशीची अजाणता कायमची ढाल होत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर खरेदीच्या दिवसासाठी मी तुमच्या यजमानांना थोडा दोष देईन, फार नाही. त्यांनी उघड्या दुकानातून, चारचौघांत, मुलीच्या शिक्षणासाठी वस्तू घेतली आणि बिल मागण्याचा आग्रह धरला नाही. लॉक मोडून घेतले त्या दिवसासाठी दोष अधिक, कारण तेव्हा खूण समोर होती आणि विचारायला एक वाक्य पुरले असते : ‘हा फोन तुमच्याकडे कुणी दिला?’ माणसाला उत्तराची भीती वाटते म्हणून तो प्रश्नच विचारत नाही, तेव्हा ते अज्ञान राहत नाही, तो कानाडोळा होतो. आणि आज, तुम्ही हे पत्र लिहिल्यानंतर, खात्री करून घेण्याचा मार्ग हाताशी असताना ती न करणे हा सर्वांत मोठा दोष ठरेल. मुलीला यातला काहीही दोष नाही; तिला तसे स्पष्ट सांगा.

खात्री कशी करायची ते आता पाहू. फोनच्या डायल पॅडवर *#06# दाबा. पडद्यावर आयएमईआय क्रमांक दिसेल; दोन सिमचा फोन असेल तर दोन क्रमांक दिसतील. ते लिहून घ्या आणि सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली दिसणाऱ्या क्रमांकांशी, तसेच फोनच्या पाठीवर किंवा सिमच्या खाचेवर छापलेला असेल तर त्याच्याशी, ताडून पाहा. क्रमांक जुळत नसतील तर त्यात कुणीतरी फेरफार केल्याची शक्यता आहे, आणि तसे करणे हा 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली स्वतंत्र व गंभीर गुन्हा आहे. त्यानंतर कोणत्याही मोबाईलवरून KYM लिहून, एक जागा सोडून, पंधरा अंकी क्रमांक लिहा आणि तो संदेश 14422 या क्रमांकावर पाठवा. हीच चौकशी दूरसंचार विभागाच्या sancharsaathi.gov.in या संकेतस्थळावरही करता येते. उत्तरात फोनची कंपनी, मॉडेल आणि क्रमांकाची स्थिती येते. मॉडेल तुमच्या हातातल्या फोनचेच आहे ना हे आवर्जून पाहा, कारण फेरफार करणारे कधीकधी एखाद्या दुसऱ्याच चालू फोनचा क्रमांक चिकटवतात.

या व्यवस्थेमागे सीईआयआर नावाची केंद्रीय नोंदवही आहे. तिची सुरुवात सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईतून झाली आणि मे 2023 मध्ये ती देशभर खुली झाली. फोन हरवलेला माणूस पोलिसांत तक्रार करतो, तिची प्रत आणि आयएमईआय क्रमांक घेऊन या नोंदवहीत फोन बंद करण्याची विनंती करतो, आणि मग तो क्रमांक काळ्या यादीत जाऊन देशातल्या सर्व कंपन्यांच्या जाळ्यावर अडवला जातो. त्या फोनमध्ये कुणी नवे सिम घातले की कोणत्या मोबाईल क्रमांकावर तो वापरला गेला याची माहिती पोलिसांना मिळते. गेल्या काही वर्षांत शेकडो हरवलेले फोन मालकांना परत दिल्याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात, त्यांतले बरेचसे याच मार्गाने सापडलेले असतात. ते ज्यांच्याकडे सापडतात त्यांत तुमच्यासारखी, स्वस्त फोन घेतलेली साधी माणसे पुष्कळ असतात.

या तपासणीची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, कारण तिच्यावर तुमचा पुढचा निर्णय अवलंबून आहे. क्रमांक स्वच्छ दिसला म्हणजे फोन चोरीचा नाही, असे सिद्ध होत नाही. मालकाने तक्रारच केली नसेल, किंवा तक्रार करूनही सीईआयआरवर विनंती केली नसेल, तर चोरीचा फोनही स्वच्छच दिसतो. अनेकांना आयएमईआय क्रमांक सापडत नाही, अनेकांना पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोशा वाटतात. म्हणून ‘काळ्या यादीत आहे’ हे उत्तर जवळपास निर्णायक असते, पण ‘नाही’ हे उत्तर तसे नसते.

समजा, क्रमांक काळ्या यादीत निघाला. तशी वेळ आली तर बहुधा फोनचे नेटवर्कही लवकरच बंद पडेल, पण त्याची वाट पाहू नका. इथे लोक हमखास तीन चुका करतात. काही जण फोन दुसऱ्याला विकून टाकतात. तसे केले तर आतापर्यंत अजाणतेपणाचे असलेले प्रकरण जाणूनबुजून माल पुढे ढकलण्याचे होते, आणि चोरीचा माल लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मदत करणे यासाठीही कलम 317 मध्ये वेगळी शिक्षा आहे. काही जण घाबरून फोन नदीनाल्यात टाकतात, म्हणजे ज्याचा तो आहे त्याला तो कधीच मिळत नाही. आणि बरेच जण, अगदी प्रामाणिक हेतूने, फोन त्याच दुकानात परत देऊन पैसे मागतात. यातले गैर चटकन लक्षात येत नाही, पण दुकानदार तो फोन दुसऱ्या दिवशी पुढच्या ग्राहकाला विकतो, मालकाचा माग तुटतो आणि तुमच्याकडे तुमच्या प्रामाणिकपणाचा एकही कागद उरत नाही. पैसे परत मिळवण्यासाठी वस्तू आणि पुरावा दोन्ही दुकानदाराच्या हाती देऊ नका.

फोन पोलीस ठाण्यात घेऊन जा. जाण्याआधी साधा अर्ज लिहा : फोन कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून, किती रुपयांना घेतला, लॉक कुणी काढून दिले, आयएमईआय क्रमांक काय, तपासणीत काय आढळले, आणि हा फोन आम्ही स्वतःहून जमा करत आहोत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोहोच घ्या. चोरीचा असल्याचा संशय असलेली वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे. ते पंचनामा करून फोन जप्त करतील, तेव्हा त्या पंचनाम्याची प्रत मागा. तुमचा किंवा यजमानांचा जबाब घेतला जाईल. तो सांगितला तसा लिहिला आहे का हे सही करण्याआधी वाचून पाहा. स्वतःहून आलेल्या, दुकानाचे नाव सांगणाऱ्या आणि खरेदीचा पुरावा देणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा साक्षीदार म्हणूनच वागवले जाते, कारण तपास अधिकाऱ्याला दुकानापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्याच्याकडूनच मिळतो. तरीही एकटे जायला धीर होत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, तिथे मोफत वकील मागता येतो. 15100 हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. म्हणून अर्ज तुमच्या नावाने करावा असे मी सुचवीन.

तुमच्या सात हजारांचे काय? चोराकडून किंवा चोराच्या गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या वस्तूवर, तुम्ही कितीही पैसे मोजले असले तरी, तुमची मालकी बसत नाही. जी मालकी विकणाऱ्याकडे नव्हती ती तो तुम्हाला देऊ शकत नाही, असे 1930 चा मालविक्री अधिनियम सांगतो. ‘रोख पैसे मोजलेत’ हे यजमानांचे म्हणणे त्यामुळे मालकापुढे टिकत नाही, दुकानदारापुढे मात्र पूर्ण टिकते : वस्तू विकण्याचा आपल्याला हक्क आहे अशी हमी प्रत्येक विक्रीत गृहीत असते आणि ती खोटी ठरली तर किंमत परत मागता येते. खटल्यात आरोपीला शिक्षा झाली, त्याच्याकडे अटकेच्या वेळी रक्कम सापडलेली असली आणि तुम्ही अजाणता खरेदी केली होती हे सिद्ध झाले, तर वस्तू मालकाला परत केल्यावर त्या रकमेतून तुमची किंमत तुम्हाला देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. हे मी सांगितले तरी आशा लावू नका. व्यवहारात हे पैसे बुडाल्यासारखे धरून चाला, आणि फोन पोलिसांत जमा झाल्यानंतर पोहोच दाखवून दुकानदाराकडे लेखी मागणी करा.

क्रमांक स्वच्छ निघाला तर तुमचे काम अधिक अवघड आहे, कारण तेव्हा गप्प राहणे फार सोपे असते. अशा वेळी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे लेखी, विचारा की हा फोन त्याने कुणाकडून घेतला आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत त्याच्याकडे आहे का. जबाबदार दुकानदार ती ठेवतोच आणि विकणाऱ्याशी तुमचे बोलणे करून द्यायलाही तयार होतो. खरा मालक सापडला, त्याने फोन विकल्याचे सांगितले आणि चार ओळींची विक्रीची पावती करून दिली, तर संशय संपला, फोन तुमचा. दुकानदाराने टोलवाटोलवी केली, तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि हा क्रमांक एखाद्या तक्रारीशी जुळतो का ते पाहण्याची विनंती करा. जुळला नाही आणि पोलिसांनी फोन ताब्यात घेतला नाही, तर तो वापरायला माझी हरकत नाही. ज्या मालकाचा ठावठिकाणाच नाही त्याच्यासाठी आयुष्यभर अपराधी वाटून घेण्याने त्याला काहीच मिळत नाही. शोधण्याचे वाजवी प्रयत्न करणे एवढेच तुमच्याकडून मागता येते.

आता साखरेविषयी. तुमच्या यजमानांनी हा मुद्दा वाद संपवण्यासाठी काढला असेल, पण तो खरा मुद्दा आहे. बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागांतून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची असते, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे उलट कापले जातात. पाळीच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत खाडा परवडत नाही म्हणून किती स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतले, हे 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. हे वाचल्यावर चहात साखर घालताना हात थांबावा हे माणूसपणाचेच लक्षण आहे.

तरीही त्या साखरेचा आणि या फोनचा दोष एका जातीचा नाही. फोनमागे एक ठरावीक माणूस आहे. त्याची वस्तू तुमच्या घरात आहे, आणि ती परत दिली की त्याचे नुकसान बऱ्याच अंशी भरून निघते. साखरेच्या किलोमागे असा एक माणूस दाखवता येत नाही. पोत्यावर कोणत्या कोयत्याचा ऊस गाळला हे लिहिलेले नसते, आणि तुम्ही साखर सोडली तर कुणाचा खाडा माफ होत नाही. तिथे अन्याय वस्तू हिसकावून घेण्यात नाही, तो कामाच्या करारात आहे, आणि करार बदलणारे हात कारखान्याचे, मुकादमाचे आणि सरकारचे आहेत. ग्राहकाचा वाटा तिथे विरळ आहे. शून्य नाही, पण एकट्याने फेडता येईल असाही नाही. घरात कुणी सहकारी साखर कारखान्याचा सभासद असेल तर मात्र त्याचा वाटा ग्राहकापेक्षा बराच मोठा आहे, कारण वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून तोडणी कामगारांच्या उचलीचा, खाड्याच्या दंडाचा आणि फडावरच्या शौचालयांचा हिशेब मागण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क त्याने किती वेळा वापरला, हे त्याला विचारायला हवे.

यजमानांच्या युक्तिवादाला माझी खरी हरकत इथे आहे. जो दोष आपण आज फेडू शकत नाही तो पुढे करून, जो आज दुपारी फेडू शकतो तो टाळण्यासाठी ते त्याचा उपयोग करत आहेत. साखरेबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटत असेल तर तो फोन जपून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. ‘आपण नाही घेतला तर दुसरा घेईल’ हा या जोडीने येणारा युक्तिवाद असतो. तो त्यांनी मांडला तर त्यांना सांगा की दुसरा घेईल तेव्हा त्याचा जाब त्याला द्यावा लागेल, आणि तुम्ही दुकानाचे नाव पोलिसांना सांगितले तर कदाचित दुसऱ्याला घेण्यासारखे काही उरणारही नाही.

फोन जमा करायची वेळ आली तर आधी मुलीच्या नोट्स आणि फोटो दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून घ्या, तिचे खाते, बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप काढून टाका आणि सिम काढून घ्या, पण फोन पूर्ण पुसू नका. त्यात आधीची काही खूण उरली असेल तर ती मालक ओळखायला लागेल. स्क्रीनचा पिन काढून टाका किंवा तो अर्जात लिहून द्या. मुलीसाठी पुन्हा जुनाच फोन घ्यावा लागणार असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच *#06# दाबून 14422 वर संदेश पाठवा, फोन सेटिंगमधून पुसायला लावा आणि तो जुना ईमेल न विचारता सुरू होतो का ते तिथेच पाहा. आयएमईआय क्रमांक, किंमत, तारीख आणि विकणाऱ्याचे नाव लिहिलेली सहीची पावती घ्या. पावती द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून, फोन कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नका.